गैरहजर मुलाचा सेल हिरवा का होतो?

चाचणीचे गुण भरून झाले की वर्गशिक्षकांना एक साधी गोष्ट हवी असते: प्रत्येक विषयात वर्गाच्या सरासरीच्या वर कोण आहे, ते एका नजरेत दिसावं. एक्सेलमध्ये त्याची सोय आहे. आपण अट घालायची, रंग निवडायचा, आणि अट पूर्ण करणारे सेल आपोआप रंगतात. मेनूत तिचं नाव Conditional Formatting असं दिसतं. ही सोय एक्सेल ९७ मध्ये आली. तेव्हा एका सेलला तीनच अटी घालता येत. २००७ च्या आवृत्तीत ती मर्यादा गेली आणि ‘सरासरीच्या वर’ हा तयार नियमही मेनूत दाखल झाला.

तरीही गुणतक्ता रंगवताना हमखास एक गोंधळ होतो. जे मूल परीक्षेला बसलंच नाही, त्याच्या नावापुढचा सेल हिरवागार होतो. एखाद्या तक्त्यात याच्या उलट घडतं: सरासरीच्या खालचे गुण लाल करायला जावं, तर ज्यांचे गुण अजून भरायचे आहेत अशी मुलंही लाल यादीत जाऊन बसतात. तक्ता पालकसभेत भिंतीवर लागणार असेल, तर अशा रंगाचा अर्थ कोणी कसा लावेल सांगता येत नाही. या दोन्ही चुकांचं मूळ एकच आहे. आपल्याला जे सेल ‘रिकामे’ दिसतात, ते एक्सेलच्या लेखी एकाच प्रकारचे नसतात. हे एकदा नीट समजलं की नियम एका ओळीत लिहिता येतो आणि तो चुकत नाही.

दहा मुलांचा तक्ता

समजायला सोपं जावं म्हणून दहाच मुलांचा वर्ग घेऊ. A कॉलममध्ये हजेरी क्रमांक, B कॉलममध्ये शंभरपैकी गणिताचे गुण. पहिल्या ओळीत मथळा, म्हणून गुण B2 पासून B11 पर्यंत. क्रमांक १ पासून १० पर्यंतचे गुण असे आहेत: ७२, ५८, ६४, गैरहजर, ८१, ४९, ६१, गैरहजर, ६७, ६०. म्हणजे चौथं आणि आठवं मूल परीक्षेला आलेलं नाही.

आठ मुलांच्या गुणांची बेरीज ५१२ होते. आठने भागलं की सरासरी बरोबर ६४. तिच्या वर तिघं आहेत: ७२, ८१ आणि ६७ वाले. तिसऱ्या मुलाला नेमके ६४ आहेत. ते सरासरीइतके आहेत, सरासरीच्या वर नाहीत. तेव्हा आपल्याला हवेत तीन हिरवे सेल. पुढे काहीही केलं तरी उत्तर या तिनाशी ताडून पाहायचं.

आता गैरहजर मुलांच्या सेलमध्ये काय लिहायचं, हा प्रश्न येतो आणि इथूनच वाटा फुटतात. काही जण शून्य लिहितात. AVERAGE हे फंक्शन शून्याला खरा गुण समजतं, त्यामुळे ५१२ ला दहाने भाग जातो आणि सरासरी ५१.२ वर घसरते. मग ५८, ६०, ६१ आणि ६४ वालेही सरासरीच्या वर जातात आणि तिघांऐवजी सात सेल हिरवे होतात. म्हणजे दोन मुलं घरी राहिली, एवढ्यावरून चार मुलांचा रंग बदलला. वर्गात कोणाच्याही गुणांत फरक पडलेला नाही, तरी तक्ता मात्र वेगळं सांगतो.

सेल कोरा ठेवला तर AVERAGE तो मोजतच नाही. ‘गैर’, ‘AB’ किंवा नुसती आडवी रेघ लिहिली तरी दिलेल्या पट्ट्यातली अक्षरं ते सोडून देतं. म्हणून सरासरी काढताना कोऱ्या जागेचा त्रास होत नाही. त्रास होतो तो तुलना करताना. एकेका सेलला ‘तू सरासरीपेक्षा मोठा आहेस का?’ असं विचारलं जातं, तेव्हा AVERAGE चा हा शहाणपणा उपयोगी पडत नाही.

कोरा, आणि कोरा दिसणारा

नियम लिहिणाऱ्याला पहिल्यांदा जे सुचतं ते असं:

```
=B2>AVERAGE(B$2:B$11)
```

चौथ्या मुलाचा सेल, म्हणजे B5, खरोखर कोरा असेल, तर तुलना करताना एक्सेल त्याला शून्य धरतं. शून्य हे ६४ पेक्षा मोठं नाही, म्हणून तो हिरवा होत नाही. इथवर ठीक. पण त्या सेलमध्ये ‘गैर’ असेल, तर? एक्सेलमध्ये अक्षरं आणि आकडे यांची तुलना करायचा नियम ठरलेला आहे: कुठलाही मजकूर कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा. त्यामुळे ‘गैर’ हे ६४ पेक्षा मोठं ठरतं, १०० पेक्षाही मोठं ठरतं. आपल्या तक्त्यात दोन गैरहजर मुलांसकट पाच सेल हिरवे होतात.

याहून फसवा प्रकार म्हणजे कोरा दिसणारा, पण कोरा नसलेला सेल. समजा B कॉलमचे गुण हाताने भरलेले नाहीत. C मध्ये लेखी आणि D मध्ये तोंडी परीक्षेचे गुण आहेत आणि दोन्ही भरले असतील तरच B मध्ये बेरीज दिसावी, असा फॉर्म्युला आहे:

```
=IF(COUNT(C2:D2)=2,C2+D2,"")
```

शेवटच्या दोन अवतरणचिन्हांच्या मध्ये काही नाही, म्हणून सेल कोरा दिसतो. पण एक्सेलच्या हिशेबी त्यात मजकूर आहे, शून्य अक्षरांचा मजकूर. आणि मजकूर आकड्यापेक्षा मोठा, हा नियम त्यालाही लागू होतो. मग काहीही न लिहिलेला सेल हिरवा झालेला बघून माणूस चक्रावतो. कोणी चुकून स्पेसबार दाबून ठेवला असेल, तरी हेच होतं.

शंका आली तर बाजूच्या मोकळ्या सेलमध्ये `=ISBLANK(B5)` लिहून बघावं. TRUE आलं तर सेल खरा कोरा. FALSE आलं तर `=LEN(B5)` लिहावं. शून्य आलं तर तिथे फॉर्म्युल्याने ठेवलेला रिकामा मजकूर आहे. एक किंवा जास्त आलं आणि तरीही काही दिसत नसेल, तर बहुधा स्पेस पडलेली असते.

लाल रंगाच्या नियमात हे सगळं उलटं होतं. `=B2<AVERAGE(B$2:B$11)` असं लिहिलं की मजकुराचे सेल सुटतात, कारण ते लहान ठरूच शकत नाहीत. खरे कोरे सेल मात्र शून्य धरले गेल्यामुळे सरसकट लाल होतात. म्हणजे ‘गैर’ लिहिलं तर हिरव्या नियमात चूक आणि कोरं ठेवलं तर लाल नियमात चूक. कोऱ्या सेलसाठी `B2<>""` अशी अट घालण्याचा सल्ला बरेचदा दिला जातो. तिने खरा कोरा सेल आणि रिकामा मजकूर हे दोन्ही वगळले जातात, पण ‘गैर’, रेघ आणि स्पेस तशीच राहतात.

म्हणून काय वगळायचं याची यादी करत बसण्यापेक्षा काय घ्यायचं ते सांगावं. आपल्याला आकडे हवेत. सेलमध्ये आकडा आहे का, हे ISNUMBER विचारतं. दोन्ही अटी AND ने जोडल्या की नियम तयार:

```
=AND(ISNUMBER(B2),B2>AVERAGE(B$2:B$11))
```

कोरा सेल आकडा नाही, रिकामा मजकूर आकडा नाही, ‘गैर’ही आकडा नाही. तिन्ही बाहेर. उरलेल्या आठांपैकी ७२, ८१ आणि ६७ हिरवे होतात. लाल नियमासाठी `>` च्या जागी `<` घातलं की तोच फॉर्म्युला चालतो. सरासरीइतके गुणही हिरवे हवे असतील तर `>=` लिहावं, म्हणजे तिसऱ्या मुलाचे ६४ ही हिरवे होतील. यातलं काय हवं ते शिक्षकांनी आधी ठरवावं आणि वर्षभर तेच ठेवावं.

नियम लावायची रीत

B2 वर क्लिक करून B11 पर्यंत खाली ओढत जा. मग Home टॅबमध्ये Conditional Formatting, त्यात New Rule, आणि उघडलेल्या चौकटीत Use a formula to determine which cells to format हा पर्याय घ्या. खालच्या पट्टीत वरचा फॉर्म्युला लिहा, Format दाबून Fill मधून फिकट हिरवा निवडा आणि OK करा.

वरून खाली ओढायला सांगितलं, त्याला कारण आहे. फॉर्म्युल्यातलं B2 हे निवडलेल्या पट्ट्यातल्या चालू सेलच्या संदर्भात वाचलं जातं. चालू सेल म्हणजे निवड करताना जो पांढरा राहतो तो. कोणी B11 पासून वर ओढत गेलं, तर चालू सेल B11 असतो. मग B11 रंगवायचा की नाही हे B2 चे गुण बघून ठरतं आणि सगळे रंग भलत्याच ओळींवर जाऊन पडतात. ६० गुणांचा सेल हिरवा आणि ८१ चा पांढरा दिसला, की ही चूक झाली असं समजावं. अशा वेळी नियम काढून टाकून वरून खाली निवड करून पुन्हा लावणं सगळ्यात सोपं.

डॉलरची जागा

या फॉर्म्युल्यात डॉलरचं चिन्ह फक्त ओळीच्या आकड्याआधी आहे: B$2:B$11. टाचणी टोचल्यासारखं ते त्या आकड्याला जागेवर धरून ठेवतं. ते गाळलं तर काय होतं, ते आपल्याच तक्त्यात बघू. B2:B11 असं लिहिलं की पहिल्या मुलासाठी पट्टा बरोबर असतो. दुसऱ्यासाठी तो B3:B12 होतो, तिसऱ्यासाठी B4:B13. दर ओळीला पट्टा एकेक पाऊल खाली सरकतो आणि वरची मुलं सरासरीतून गळत जातात. B11 च्या खाली काही नाही असं धरू. तिसऱ्या मुलाच्या ओळीत ६४, ८१, ४९, ६१, ६७ आणि ६० एवढेच गुण उरतात. त्यांची सरासरी येते ६३.६७, आणि ६४ त्याच्या वर असल्यामुळे तिसरं मूल हिरवं होतं. दहाव्याची तर स्वतःच्याच ६० गुणांशी तुलना होते. एकूण हिरवे सेल चार होतात. हा आकडा तिनाच्या इतका जवळ आहे की चूक लक्षातही येत नाही. चाळीस मुलांच्या वर्गात तर ती मुळीच सापडणार नाही. म्हणून फॉर्म्युला लिहून झाला की डॉलर जागेवर आहेत ना, हे मुद्दाम बघावं.

कॉलमच्या अक्षराआधी मात्र डॉलर नको. आपल्याला तोच नियम गणित, मराठी, विज्ञान अशा सगळ्या कॉलमना एकदम लावायचा असतो. B2 पासून F11 पर्यंत निवडून फॉर्म्युला लिहिला, की मराठीच्या कॉलममध्ये B चं आपोआप C होतं आणि मराठीचे गुण मराठीच्याच सरासरीशी ताडले जातात. $B$2:$B$11 असं लिहिलं तर पाचही विषयांची तुलना गणिताच्या सरासरीशी होते. एखाद्या सोप्या विषयाचा जवळजवळ सगळा कॉलम हिरवा दिसला, तर आधी तिथला डॉलर बघा.

मेनूतला तयार नियम कुठे पुरतो

फॉर्म्युला न लिहिताही हे काम होतं. Conditional Formatting मध्ये Top/Bottom Rules आणि त्यात Above Average. हा तयार नियम कोरे सेल आणि मजकूर आपणहून सोडतो. एकाच विषयाचा कॉलम असेल तर खुशाल तोच वापरावा. आपल्या तक्त्यात तोही बरोबर तीन सेल रंगवतो.

अडचण येते ती अनेक कॉलम एकदम निवडल्यावर. तयार नियम निवडलेल्या सगळ्या सेलची मिळून एकच सरासरी काढतो. समजा मराठीलाही आठच मुलं बसली आणि तिथली सरासरी ७८ आहे. गणिताची ६४. दोन्ही कॉलम मिळून सरासरी होते ७१. आता गणितात ६७ मिळवणारं नववं मूल, विषयाच्या सरासरीच्या वर असूनही, पांढरं राहतं. आणि मराठीत ७३ मिळवणारं मूल, विषयाच्या सरासरीच्या खाली असूनही, हिरवं होतं. तयार नियमच वापरायचा असेल तर प्रत्येक कॉलम वेगळा निवडून तो पुन्हा पुन्हा लावावा लागतो. शिवाय निवडलेल्या पट्ट्यात फॉर्म्युल्यामुळे #DIV/0! सारखी एक जरी एरर असली, तरी हा नियम त्या पूर्ण पट्ट्यात काहीच रंगवत नाही.

गूगल शीट्समध्ये सरासरीचा तयार नियम नाही. तिथे Format मध्ये Conditional formatting उघडून Custom formula is हा पर्याय घ्यायचा आणि आपला AND चा फॉर्म्युला जसाच्या तसा लिहायचा.

रंग खरा आहे ना?

नियम लावून झाल्यावर दोन तपासण्या कराव्यात. पहिली: किती सेल हिरवे व्हायला हवेत, ते बाजूला मोजून घ्यावं.

```
=COUNTIF(B2:B11,">"&AVERAGE(B2:B11))
```

हे फंक्शन असं मोजताना फक्त आकडे धरतं, म्हणून आपल्या तक्त्यात उत्तर ३ येतं. मग कॉलमला Filter लावून Filter by Color ने हिरवे सेल वेगळे काढावेत. तेही तीनच असले तर नियम बरोबर.

दुसरी तपासणी भरलेल्या गुणांची. `=COUNT(B2:B11)` आकड्यांचे सेल मोजतं आणि `=COUNTA(B2:B11)` काहीही भरलेले सेल मोजतं. गैरहजर मुलांपुढे ‘गैर’ लिहिलं असेल, तर पहिल्याचं उत्तर ८ आणि दुसऱ्याचं १० यायला हवं. फरक दोनाचा, गैरहजरही दोन, म्हणजे हिशेब जुळला. फरक तीन आला, तर एखाद्या मुलाचे गुण आकडा म्हणून न जाता मजकूर म्हणून गेले आहेत. दुसऱ्या प्रणालीतून उतरवलेल्या यादीत असं पुष्कळदा होतं. तो ८१ डोळ्यांना ८१ च दिसतो, पण सेलच्या डाव्या कडेला चिकटलेला असतो आणि बहुधा कोपऱ्यात बारीकसा हिरवा त्रिकोण असतो. तो सरासरीतही धरला जात नाही आणि ISNUMBER मुळे रंगतही नाही. सेल निवडून शेजारी येणाऱ्या पिवळ्या खुणेवर Convert to Number दाबलं की तो आकडा होतो. नियम बरोबर असूनही हुशार मूल पांढरं दिसलं, तर पहिला संशय याच गोष्टीचा घ्यावा.

तक्त्याखाली बेरजेची ओळ असेल, तर तीही पट्ट्याबाहेर ठेवायला हवी. ५१२ ही बेरीज सरासरीत शिरली की सरासरी ११३ च्या वर जाते आणि एकही मूल हिरवं होत नाही.

शून्य मिळवणारं मूल

वर्षानुवर्षं गैरहजर मुलांना शून्य लिहिण्याची पद्धत असलेल्या तक्त्यांसाठी एक तोडगा सुचवला जातो: सरासरी काढताना शून्यं वगळा, म्हणजे `AVERAGEIF(B$2:B$11,">0")` वापरा. आकडा बरोबर येतो, पण तेवढ्यापुरताच. परीक्षेला बसून ज्याला खरंच शून्य मिळालं, ते मूलही या हिशेबातून नाहीसं होतं. वर्गात सगळ्यात जास्त मदत त्यालाच हवी असते. गैरहजर आणि शून्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या तक्त्यात भरतानाच वेगळ्या ठेवायला हव्यात. एकदा दोन्हीकडे शून्य लिहिलं की कुठलाही फॉर्म्युला त्यांना परत वेगळं करू शकत नाही. म्हणून गैरहजर मुलापुढे ‘गैर’ लिहावं, गुण भरायचे राहिले असतील तर सेल कोरा सोडावा, आणि शून्य फक्त मिळालेल्या शून्यासाठी राखावं.

हिरव्या रंगाचीही एक मर्यादा आहे. तो मुलाची तुलना फक्त त्याच्या वर्गाशी करतो. प्रश्नपत्रिका अवघड गेली आणि वर्गाची सरासरी ३० आली, तर ३३ गुणांचं मूल हिरवं दिसेल, आणि पालकांना पास झाल्यासारखं वाटेल. ३५ ही उत्तीर्ण होण्याची रेषा धरत असाल, तर तीही अटीत घालता येते:

```
=AND(ISNUMBER(B2),B2>=35,B2>AVERAGE(B$2:B$11))
```

आणि तक्ता इतरांना दाखवायचा असेल, तर प्रत्येक कॉलमखाली एक ओळ मोकळी सोडून तीन आकडे छापावेत: परीक्षेला बसलेली मुलं `=COUNT(B2:B11)`, गैरहजर `=COUNTIF(B2:B11,"गैर")`, आणि सरासरी एका दशांशापर्यंत. सरासरी गोल करून ६४ छापली आणि ती खरी ६३.६ असेल, तर ६४ चा सेल हिरवा का, असा प्रश्न कोणीतरी विचारणारच. दशांश दिसला की तो प्रश्न उरत नाही. बसले ८, गैरहजर २, सरासरी ६४.० एवढं खाली लिहिलेलं असलं, की आपल्या मुलाचा सेल हिरवा किंवा पांढरा का आहे, हे कुठल्याही पालकाला स्वतः पडताळून पाहता येतं.